विखुरण आलेखातील बाह्यवर्ती मूल्ये

विखुरण आलेखात (स्कॅटर प्लॉट) प्रत्येक नोंद दोन अक्षांवरील एका बिंदूने दर्शवली जाते. संचातील एखाद-दुसरे मूल्य इतरांहून फार मोठे असल्यास अक्षाची लांबी त्या मूल्यावरून ठरते आणि उरलेले सर्व बिंदू आलेखाच्या एका कोपऱ्यात दाटून बसतात. अशा दूरच्या मूल्यास बाह्यवर्ती मूल्य (आउटलायर) म्हणतात. दाटलेले बिंदू वाचता यावेत म्हणून तीन उपाय प्रामुख्याने वापरले जातात: अक्षावर लॉग प्रमाण घेणे, अक्षाची मर्यादा कमी करून दूरचे बिंदू वगळणे (क्लिपिंग), आणि दाट भागाचे वाढवलेले चित्र मुख्य आलेखात चौकटीत देणे (इनसेट). हे उपाय एकमेकांचे पर्याय भासत असले, तरी प्रत्येक उपाय आधारसामग्रीविषयी वेगळे गृहीतक मांडतो. त्यामुळे कोणता बिंदू अपवादात्मक ठरतो, हेही उपायानुसार बदलू शकते.

## उदाहरण: सस्तन प्राण्यांचे शरीर व मेंदू

या प्रश्नाचे परिचित उदाहरण म्हणजे ६२ सस्तन प्राण्यांच्या शरीराचे वजन (किलोग्रॅम) व मेंदूचे वजन (ग्रॅम) यांची सारणी. ही माहिती ट्रूएट ॲलिसन व डोमेनिक सिचेट्टी यांच्या १९७६ मधील संशोधनातून आलेली असून आर या संगणकीय भाषेच्या `MASS` संचात ती `mammals` या नावाने उपलब्ध आहे. सारणीत ५ ग्रॅम वजनाच्या चिचुंद्रीपासून ६,६५४ किलोच्या आफ्रिकन हत्तीपर्यंतचे प्राणी आहेत. आशियाई हत्तीचे वजन २,५४७ किलो आहे. त्यानंतर थेट ५२९ किलोचा जिराफ येतो.

क्ष-अक्षावर शरीराचे वजन ० ते ७,००० किलो असे घेतले आणि अक्षाची लांबी १५ सेंटिमीटर ठेवली, तर दोन हत्ती सोडून उरलेले ६० प्राणी पहिल्या सव्वा सेंटिमीटरच्या आत येतात. १०० किलोपर्यंतच्या ५२ जातींच्या वाट्याला तर जेमतेम २ मिलिमीटर उरतात. तेथे उंदीर, ससा, कोल्हा व मेंढी यांचे बिंदू एकावर एक चढतात आणि आलेखात एक काळा ठिपका, त्याच्या वर थोडा सुटलेला माणूस व दूरवर दोन हत्ती एवढेच दिसते.

नुकसान केवळ दिसण्याचे नसते. या बिंदूंमधून न्यूनतम वर्ग पद्धतीने काढलेली रेषा पुढीलप्रमाणे येते:

```
brain = 91.0 + 0.967 * body
```

सहसंबंध गुणांक ०.९३ असल्याने रेषा चांगली जुळली असे वाटते. परंतु २३ ग्रॅम वजनाच्या उंदरासाठी ही रेषा ९१ ग्रॅमचा मेंदू सांगते, म्हणजे सबंध उंदराच्या चौपट वजनाचा. त्याचा प्रत्यक्ष मेंदू ०.४ ग्रॅमचा आहे. रेषा मुख्यतः दोन हत्तींनी ठरवली आहे आणि लहान प्राण्यांविषयी ती काहीच सांगत नाही. दाटलेल्या आलेखात हा दोष डोळ्यांना दिसत नाही, कारण ७,००० च्या अक्षावर ९१ आणि ०.४ यांतील फरक जाणवण्याइतका मोठा नसतो.

## लॉग प्रमाण

लॉग प्रमाणात समान अंतर म्हणजे समान गुणोत्तर. ०.१ ते १, १ ते १० आणि १० ते १०० ही अंतरे कागदावर सारखीच असतात. दोन्ही अक्षांवर हे प्रमाण घेतल्यास वरील ६२ बिंदू तिरक्या, बऱ्यापैकी सरळ पट्ट्यात पसरतात आणि प्रत्येक जात वेगळी ओळखता येते. या प्रमाणावर काढलेल्या रेषेचा चढ सुमारे ०.७५ येतो. याचा अर्थ असा की शरीराचे वजन दहापट झाले, तर मेंदूचे वजन सरासरीने सुमारे साडेपाच पट होते.

येथे अपवादांची यादी बदलते. या रेषेनुसार आफ्रिकन हत्तीचा मेंदू सुमारे ६,३०० ग्रॅमचा अपेक्षित आहे आणि प्रत्यक्षात तो ५,७१२ ग्रॅमचा आहे. म्हणजे साध्या प्रमाणावर सर्वांत विसंगत वाटणारा प्राणी रेषेच्या अगदी जवळ येतो. तो आकाराने मोठा आहे, परंतु नियमाबाहेर नाही. उलट ६२ किलोच्या माणसासाठी अपेक्षित वजन सुमारे १९० ग्रॅम असून प्रत्यक्ष वजन १,३२० ग्रॅम, म्हणजे सातपट आहे. रेषेपासून वरच्या बाजूस सर्वाधिक दूर असलेला बिंदू माणसाचाच ठरतो. खालच्या बाजूस सर्वाधिक दूर वॉटर ओपॉसम हा पाण्यात राहणारा शिशुधान प्राणी आहे. साडेतीन किलो वजनाच्या या प्राण्याचा मेंदू केवळ ३.९ ग्रॅमचा असून तो अपेक्षेच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी आहे. साध्या प्रमाणाच्या आलेखात तो काळ्या ठिपक्यात पूर्णपणे बुडालेला असतो.

लॉग प्रमाणाच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्या लागतात. शून्य व ऋण संख्यांचा लॉगरिदम नसल्याने तशा नोंदी आलेखातून नाहीशा होतात किंवा कडेला चिकटतात. प्रत्येक मूल्यात १ मिळवून लॉगरिदम घेण्याची पद्धत रूढ आहे. मात्र मिळवलेली संख्या मोजमापाच्या एककाच्या तुलनेत मोठी असल्यास लहान मूल्यांचा आकृतिबंध तिच्यामुळेच बदलतो. वरील सारणीत किलोग्रॅममधील वजनांत १ मिळवल्यास चिचुंद्री व उंदीर पुन्हा एकाच जागी येतील. याशिवाय लॉग प्रमाणावर मोठे फरक लहान भासतात. हत्तीचा व माणसाचा मेंदू यांत चार किलोहून अधिक अंतर आहे, पण आलेखात ते दोन बोटांचे दिसते. म्हणून अक्षावर ०.०१, १, १०० अशी मूळ मूल्ये लिहावीत आणि प्रमाण लॉगचे असल्याचे अक्षाच्या नावातच नमूद करावे.

## अक्षाची मर्यादा कमी करणे

या उपायात क्ष-अक्ष, उदाहरणार्थ, १०० किलोवर थांबवला जातो व पुढचे बिंदू दाखवले जात नाहीत. याचा तोटा उघड आहे: न दिसणाऱ्या बिंदूंची वाचकाला कल्पना नसते. त्यामुळे वगळलेल्या बिंदूंची संख्या व मूल्ये आकृतीखाली द्यावी लागतात. दुसरा प्रघात म्हणजे तो बिंदू कडेवर बाणाच्या खुणेने दाखवून शेजारी त्याचे खरे मूल्य लिहिणे.

आज्ञावली वापरताना आणखी एक चूक संभवते. काही आज्ञा केवळ दृश्य भाग बदलतात, तर काही आज्ञा मर्यादेबाहेरच्या नोंदी गणनेपूर्वीच काढून टाकतात. आर भाषेतील `ggplot2` मध्ये हा फरक स्पष्ट दिसतो:

```r
library(ggplot2)
data(mammals, package = "MASS")
p <- ggplot(mammals, aes(body, brain)) +
  geom_point() + geom_smooth(method = "lm")

p + xlim(0, 100)
p + coord_cartesian(xlim = c(0, 100))
p + scale_x_log10() + scale_y_log10()
```

`xlim` मुळे १०० किलोवरील १० जाती गणनेतूनच वगळल्या जातात व रेषा उरलेल्या ५२ जातींवर काढली जाते. `coord_cartesian` मध्ये रेषा सर्व ६२ जातींचीच राहते, फक्त तिचा डावीकडचा तुकडा दिसतो. दोन्ही चित्रांचा क्ष-अक्ष सारखा असला, तरी रेषा वेगवेगळ्या येतात. नोंदी वगळल्याची सूचना पडद्यावर आल्यास आणि रेषेचा चढ मूळ आलेखाहून बदलल्यास पहिला प्रकार घडला आहे असे समजावे.

## इनसेट

इनसेटमध्ये मुख्य आलेख पूर्ण ठेवून दाटलेला भाग रिकाम्या जागी वाढवून दाखवतात. यात एकही बिंदू लपत नाही आणि साधे प्रमाणही कायम राहते. मुख्य आलेखावर वाढवलेल्या भागाभोवती चौकट आखणे व इनसेटच्या अक्षांवर स्वतंत्र अंक देणे आवश्यक असते. अन्यथा दोन्ही चित्रांचे प्रमाण एकच असल्याचा समज होतो.

प्राण्यांच्या उदाहरणात मात्र इनसेट अपुरा पडतो. ० ते १०० किलो व ० ते ५०० ग्रॅम या भागाचा ६ सेंटिमीटर रुंदीचा इनसेट काढल्यास त्यातील निम्म्याहून अधिक बिंदू पुन्हा डाव्या कडेच्या २ मिलिमीटरमध्ये दाटतात, कारण ६२ पैकी ३२ जातींचे वजन साडेतीन किलोहून कमी आहे. शिवाय १,३२० ग्रॅमचा मेंदू असलेला माणूस चौकटीबाहेर जातो. आणखी एक इनसेट काढला तरी तीच स्थिती लहान प्रमाणात उद्भवते.

## निवड

वरील निरीक्षणातूनच निवडीची एक सोपी कसोटी मिळते. दाट भाग एकदा वाढवून पाहावा. वाढवलेल्या चित्रात तोच कोपऱ्यात दाटण्याचा प्रकार पुन्हा दिसला, तर दोष एक-दोन बिंदूंचा नसून मूल्ये अनेक दशपटींवर पसरलेली आहेत असे समजावे. अशा वेळी सर्व मूल्ये धन असल्यास लॉग प्रमाण योग्य ठरते. वाढवलेल्या चित्रात बिंदू समान विखुरलेले दिसले, तर इनसेट किंवा मर्यादित अक्ष पुरतो.

लॉग प्रमाण गैरसोयीचे ठरते अशा परिस्थितीचे उदाहरण मुंबईच्या पावसात सापडते. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर त्याच शहरातील कुलाबा येथे ७५ मिलिमीटरहून कमी. या दोन केंद्रांच्या दैनिक पावसाचा विखुरण आलेख काढल्यास हा एक दिवस य-अक्ष १,००० पर्यंत ताणतो, आणि १० सेंटिमीटर उंचीच्या आलेखात ५० मिलिमीटरचा दिवस तळापासून केवळ अर्ध्या सेंटिमीटरवर येतो. येथे शून्य पावसाचे दिवस अनेक असतात व त्यांना लॉग प्रमाणात स्थान नसते. शिवाय पाऊस मिलिमीटरमध्ये बेरजेने मोजला जातो, त्यामुळे वाचकाला गुणोत्तरापेक्षा प्रत्यक्ष फरक पाहायचा असतो. य-अक्ष ४०० वर थांबवून त्या दिवसाचा बिंदू वरच्या कडेवर बाणाने दाखवणे व शेजारी दिनांकासह ९४४ लिहिणे हा येथे योग्य मार्ग होय. दोन केंद्रांतील विषमता हाच लेखाचा विषय असेल, तर मात्र पूर्ण अक्ष ठेवून नेहमीच्या दिवसांचा इनसेट द्यावा.

कोणताही उपाय योजण्यापूर्वी दूरचे मूल्य खरे आहे का, हे तपासावे लागते. ग्रॅममधील वजन किलोच्या रकान्यात लिहिले गेल्यास ते हजारपट होते व आलेखात हत्तीसारखेच दूर दिसते. अशी नोंद मूळ कागदपत्रांवरून दुरुस्त करणे हाच उपाय असतो. लॉग प्रमाण घेतल्यास ती इतर बिंदूंच्या जवळ सरकते आणि चूक नजरेतून निसटण्याची शक्यता वाढते.