बोनस भाग आणि हक्काचे भाग

बोनस भाग मिळाले म्हणजे घरी लक्ष्मी आली, असा समज आमच्या पेठेत पुष्कळांचा आहे. वस्तुतः कंपनी आपल्या गंगाजळीतील रक्कम भागभांडवलाच्या खाती वळविते. बाहेरून एक पैसाही येत नाही. शंभराचे दोनशे भाग झाले तरी भाव सुमारे निम्मा होतो आणि आपला हिस्सा तेवढाच राहतो. एका पोत्यातील गहू दोन पोत्यांत भरावा, तसेच हे.

हक्काच्या भागांस मात्र गाठचा पैसा लागतो, व तो कंपनीच्या भांडवलात नव्याने पडतो. समजा, भाव १५० रुपये असून चार भागांमागे एक नवा भाग १०० रुपयांस देऊ केला. जुन्या चारांचे ६०० व नव्याचे १००, असे ७०० रुपये पाच भागांत विभागून भाव १४० च्या आसपास येतो. जो पैसे भरीत नाही व हक्कही विकत नाही, त्याच्या चार भागांचे ५६० रुपयेच उरतात. चाळीस रुपये गेले. शिवाय हिस्सा एकपंचमांशाने घटला.

रिलायन्सने २०२० साली पंधरा भागांमागे एक भाग १,२५७ रुपयांस देऊ केला, तेव्हा हा हक्क डिमॅट खात्यात जमा होऊन बाजारात विकला जात होता. तो विकण्याची मुदत पैसे भरण्याच्या मुदतीआधीच संपते, हे बंधूंनी ध्यानी धरावे.