हप्ता दोन हजारांनी वाढवला तर?

वीस लाखांचं गृहकर्ज, व्याज ९ टक्के, मुदत २४० महिने. हप्ता साधारण १७,९९५ रुपये. पहिल्यापासून २०,००० भरले तर? एक्सेलमध्ये लिहा:

```
=NPER(9%/12,-20000,2000000)
```

उत्तर १८५.५३. म्हणजे १८६ हप्ते, शेवटचा अर्धामुर्धा. ५४ महिने वाचले, व्याजाचे सुमारे सहा लाखही! कारण पहिल्या महिन्याचं व्याजच १५,००० आहे. मुद्दलात आधी जेमतेम तीन हजार जात होते, आता पाच हजार जातात.

हप्त्याआधीचं उणे चिन्ह विसरलात, तर उत्तर उणे ७५च्या आसपास येतं. हप्ता १५,००० किंवा कमी असेल तर `#NUM!` दिसतं: ते कर्ज कधीच फिटणार नाही. व्याजदर मध्येच बदलला, तर त्या दिवशीची शिल्लक घालून पुन्हा मांडा.