वीस टक्के वर, वीस टक्के खाली: चार टक्के गेले कुठे?

एखाद्या सायकलीची किंमत ५००० रुपये आहे. ती २० टक्क्यांनी वाढली आणि पुढच्या महिन्यात २० टक्क्यांनीच उतरली. किंमत पुन्हा ५००० व्हायला हवी, असे वाटते. पण होते ४८००!

वाढ मोजली ५००० वर, म्हणून ती १००० रुपयांची. घट मात्र वाढलेल्या ६००० वर मोजली, म्हणून ती १२०० रुपयांची. टक्के तेवढेच, पण ते ज्या रकमेवर घेतले ती मधल्या काळात बदलली. गंमत म्हणजे क्रम उलटा केला, तरी सुटका नाही. आधी घट झाली तर ४०००, मग वाढ ८०० रुपयांची, म्हणजे पुन्हा ४८००च. कारण दोन्ही वेळा आपण ५००० ला १.२ आणि ०.८ यांनी गुणतो, आणि गुणाकारात क्रमाने फरक पडत नाही.

ही तूट डोळ्यांनी पाहता येते. चौकटीच्या वहीतून १० × १० चौकटींचा चौरस कापा. म्हणजे १०० चौकटी झाल्या. आता उजवीकडची दोन चौकटी रुंदीची उभी पट्टी कापून काढा. उरलेला तुकडा ८ रुंद आणि १० उंच आहे. म्हणजे रुंदी २० टक्क्यांनी घटली. ती पट्टी आडवी करून या तुकड्याच्या डोक्यावर ठेवा. उंची १२ झाली, म्हणजे २० टक्क्यांनी वाढली. पण पट्टी १० लांब आणि तुकडा ८ रुंद, त्यामुळे तिचे टोक बाहेर आले. बाहेर आलेल्या चौकटी मोजा: २ × २ = ४. हेच ते हरवलेले चार टक्के!

पट्टी एक चौकट रुंदीची घेतली, म्हणजे बदल १० टक्के ठेवला, तर तूट एकाच टक्क्याची. तीन चौकटींची घेतली तर तूट ९ टक्के, पाचांची घेतली तर थेट २५. सातवी-आठवीत शिकतो ते (a + b)(a − b) = a² − b² हे सूत्र इथे कागदावर उतरलेले दिसते. वाढ आणि घट सारख्या टक्क्यांची असेल, तेव्हाच मात्र ही पट्टीची युक्ती चालते.

मग ४००० वर उतरलेली किंमत परत ५००० वर आणायला किती वाढ हवी? ४००० वर १०००, म्हणजे २५ टक्के. घट जितकी खोल, तितकी ही भरपाई अवघड होत जाते. किंमत निम्मी झाली, तर १०० टक्के वाढ लागते.

अमेरिकेतील शेअर बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक सप्टेंबर १९२९ मध्ये ३८१ च्या आसपास होता. महामंदीत तो जुलै १९३२ पर्यंत ४१ वर आला. घट सुमारे ८९ टक्क्यांची. मूळ जागी परतायला मात्र ८०० टक्क्यांहून अधिक वाढ हवी होती. ती पूर्ण व्हायला नोव्हेंबर १९५४ उजाडला.