कर्ज बंद करताना तीन आकडे तपासा

कर्ज मुदतीआधी फेडायचं ठरलं की बँक फोरक्लोजर स्टेटमेंट देते. लोक एकदम तळाची बेरीज बघतात आणि पैसे भरून मोकळे होतात. ती बेरीज मुख्यतः शिल्लक मुद्दल, चालू व्याज आणि मुदतपूर्व परतफेडीचं शुल्क यांची असते. कर्जखात्याचा उतारा शेजारी ठेवला, तर तिन्ही आकडे घरी पडताळता येतात.

समजा, पाच लाखांचं वैयक्तिक कर्ज आहे. दर 12 टक्के स्थिर, मुदत पाच वर्षं, हप्ता 11,122 रुपये, तारीख दर महिन्याची 5. चोविसावा हप्ता कापला गेला आणि त्याच महिन्याच्या 20 तारखेला कर्ज बंद करायचं आहे. उताऱ्याप्रमाणे मुद्दल उरलं 3,34,862. स्टेटमेंटवर मात्र 3,42,559 छापलंय.

फरक 7,697 रुपयांचा. आता उताऱ्यात चोविसाव्या हप्त्याची फोड पाहा: व्याज 3,426, मुद्दल 7,697. म्हणजे तुमच्या बचत खात्यातून गेलेला हप्ता कर्जखात्यात जमाच झालेला नाही. फरक एखाद्या हप्त्यातल्या मुद्दलाशी तंतोतंत जुळला, तर घोळ त्याच हप्त्यात शोधायचा. बचत खात्यातली त्या तारखेची नोंद दाखवून नवं स्टेटमेंट मागायचं. एकदोन रुपयांचा फरक मात्र पूर्णांकामुळे पडू शकतो.

मुद्दल जुळलं की व्याज सोपं. 3,34,862 गुणिले 12 टक्के, भागिले 365, म्हणजे दिवसाला सुमारे 110 रुपये. 5 ते 20 तारखेचे पंधरा दिवस धरले तर 1,651 रुपये. तिथे 3,349 दिसले, तर पूर्ण महिन्याचं व्याज लावलंय हे लगेच कळतं. तसं का, आणि करारात त्याला आधार आहे का, हे विचारा. पैसे उशिरा भरलेत, तर दर दिवसामागे हेच 110 रुपये वाढतील.

राहिलं शुल्क. इथे करारातला टक्का आणि तो कशावर लावायचा, दोन्ही पाहायला हवं. करारात शिल्लक मुद्दलावर 4 टक्के असतील, तर शुल्क 13,394 आणि त्यावर बँक लावते तो 18 टक्के जीएसटी 2,411. 20,000 रुपये शुल्क दिसलं, तर टक्का मूळ पाच लाखांवर लागला आहे. मुद्दलच चुकीचं असेल, तर शुल्कही आपोआप फुगतं. म्हणून तपासणी मुद्दलापासूनच सुरू करावी.

दर फ्लोटिंग असेल, तर गोष्ट वेगळी. रिझर्व्ह बँकेच्या 2025 च्या निर्देशांनुसार, व्यक्तीला व्यवसायेतर कामासाठी 1 जानेवारी 2026 पासून मंजूर झालेल्या किंवा नूतनीकरण झालेल्या अशा कर्जावर मुदतपूर्व परतफेडीचं शुल्क लावता येत नाही. तिथे या रकान्यात शून्यच हवं.