सिस्टिम लावली म्हणजे पैसे वाचले?

‘सिस्टिम लावा, एखादा सामना चुकला तरी पैसे परत येतात’ हा सल्ला फुटबॉलवर पैज लावणारे एकमेकांना इतक्या खात्रीने देतात, की त्यामागचा हिशेब कोणी मांडतच नाही. सिंगापूरमध्ये ही कल्पना टोटोमुळे सर्वांच्या ओळखीची आहे. तिथे सिस्टिम ७ म्हणजे सात आकडे; त्यांतून सहा-सहाचे सात संच होतात आणि एका डॉलरऐवजी सात डॉलर मोजावे लागतात. सिस्टिम १२ ला ९२४ डॉलर पडतात, हे सिंगापूर पूल्सच्याच दरपत्रकात आहे. म्हणजे सिस्टिम ही एकच मोठी पैज नसते. ती अनेक छोट्या पैजांची मोळी असते आणि प्रत्येक काडीचे पैसे आपणच भरतो.

आता चार सामने घ्या. प्रत्येकाचा भाव १.९० आणि निकालाची खरी शक्यता निम्मी-निम्मी. सहा डॉलर एकाच अ‍ॅक्युम्युलेटरवर लावले, तर चारही अंदाज बरोबर आल्यावर सुमारे ७८ डॉलर मिळतात. एकही चुकला की शून्य. तेच सहा डॉलर ‘चारांतून दोन’ या सिस्टिमवर लावले, तर एकेका डॉलरच्या सहा दुहेरी पैजा होतात. चारही बरोबर आले तर २१.६६ डॉलर, तीन आले तर १०.८३. दोनच बरोबर आले, तर सहापैकी एकच पैज लागते आणि हातात ३.६१ येतात. ‘परत आलेले पैसे’ ते हेच! सहा घालून साडेतीन मिळवणे याला तोटाच म्हणतात. सोळांपैकी सहा वेळा नेमके हेच घडते, पाच वेळा काहीच येत नाही आणि नफा उरलेल्या पाच वेळाच होतो.

यावर आक्षेप येईल, की अ‍ॅक्युम्युलेटर तर सोळांत एकदाच लागतो, मग सिस्टिम बरी नाही का? एका अर्थाने बरी आहे, आणि ते मान्य केलेच पाहिजे. १.९० या भावात पैज घेणाऱ्याचा पाच टक्के वाटा आधीच कापलेला असतो आणि सामने जोडत गेलो की तो प्रत्येक पायरीवर पुन्हा कापला जातो. त्यामुळे दीर्घकाळात डॉलरमागे चौहेरी पैजेत सुमारे ८१ सेंट परत येतात, दुहेरीत ९० आणि सुट्या पैजेत ९५. सिस्टिमचा फायदा जुळण्यांच्या संख्येतून आलेला नाही. ती साखळी आखूड आहे, एवढेच. जुळण्या वाढवल्या तर खर्च वाढतो, भाव सुधारत नाही. दुहेरी, तिहेरी, चौहेरी मिळून अकरा पैजा लावल्या आणि दोनच सामने बरोबर आले, तर तेच ३.६१ मिळतात, फक्त आता अकरा डॉलर घालून.

टोटोत सिस्टिम ७ ने पहिल्या बक्षिसाची शक्यता सातपट होते हे खरे, पण सात वेगळी तिकिटे घेऊनही ती तितकीच होते. फोर-डीतली आयबेट मात्र स्वस्त सिस्टिम नव्हे: चारही अंक वेगळे असतील, तर एक डॉलर चोवीस क्रमांत वाटला जातो आणि बक्षीसही त्याच प्रमाणात घटते.