चक्क्याखालचं पाणी

गुढीपाडव्याच्या आदल्या रात्री अनेक स्वयंपाकघरांत एक पुरचुंडी टांगलेली असते. खाली पातेलं ठेवलेलं असतं आणि त्यात टपटप पाणी पडत असतं. सकाळी पुरचुंडी सोडली की कधी आत लोण्यासारखा मऊ, चमच्याला धरून राहणारा चक्का निघतो. कधी मात्र त्याच घरात, त्याच हातांनी, त्याच दुधाचं केलेलं दही दगा देतं. चक्का पुरणयंत्रातून काढला तरी जिभेला खरखरीत लागतो, साखर घातली की सैल होतो आणि वाटीत वाढलेल्या श्रीखंडाभोवती दहा मिनिटांत पाण्याचं तळं साचतं. तूप रवाळ असलं तर कौतुक होतं, श्रीखंड रवाळ झालं की पानात तसंच राहतं.

दोष बहुतेक वेळा कापडाला दिला जातो: पंचा जाड होता, नीट बांधला नाही, पुरेसा वेळ टांगला नाही. खरं तर कापडात दही पोचतं तोवर चक्क्याचं भवितव्य जवळपास ठरून गेलेलं असतं. ते ठरतं दूध तापवताना आणि विरजण लावताना. कापड फक्त आदल्या दिवशीची चूक उघडी पाडतं.

दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असतं. त्याचे डोळ्यांना न दिसणारे गोळे दुधात तरंगत असतात आणि एकमेकांना दूर सारत असतात, म्हणून दूध पातळ राहतं. विरजणातले जिवाणू दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करू लागले की हे दूर सारणं कमी होत जातं. आंबटपणा वाढून पीएच ४.६ च्या आसपास उतरेपर्यंत गोळे एकमेकांना चिकटून त्यांच्या साखळ्या होतात आणि साखळ्यांची जाळी विणली जाते. दही म्हणजे ही जाळी आणि तिच्या घरांत अडकलेलं पाणी. जाळी बारीक आणि एकसारखी विणली गेली तर ती पाणी धरून ठेवते, आणि टांगल्यावर ते सावकाश सोडते. घाईत विणली गेली तर गोळ्यांचे जाड पुंजके होतात आणि मध्ये मोठी भोकं राहतात. हे पुंजके जिभेला कण म्हणून लागतात आणि भोकांतलं पाणी धरायला काही नसतं. खरखर आणि पाणी सुटणं या म्हणजे दोन तक्रारी वाटल्या तरी पुष्कळदा दोन्हींचं मूळ एकच असतं.

हे नीट कळण्यासाठी एकाच म्हशीच्या दुधाची दोन पातेली समोर आहेत असं धरू. प्रत्येकात एक लिटर दूध आहे, आणि महिना चैत्राचा आहे.

पहिल्या पातेल्यातलं दूध पिशवीचं आहे. ते पाश्चराइज्ड असतंच, मग कशाला उकळायचं, असा विचार करून कडेला बुडबुडे येताच गॅस बंद केला. दूध बरंच गरम असतानाच मोठे दोन डाव आंबट विरजण त्यात सोडलं, लवकर लागावं म्हणून पातेलं टॉवेलात गुंडाळलं आणि रात्रभर ओट्यावर ठेवलं. सकाळी दह्यावर पाणी तरंगताना दिसलं. दही तसंच कापडात ओतलं आणि लवकर गळावं म्हणून पुरचुंडी हाताने पिळली.

दुसऱ्या पातेल्यातल्या दुधाला उकळी आणली आणि मग मंद आचेवर दहा मिनिटं ढवळत ठेवलं. या दहा मिनिटांचं मोल मोठं आहे. दुधात केसीनखेरीज दुसरीही प्रथिनं असतात. एरवी ती दह्याच्या पाण्याबरोबर वाहून जातात. पण ८५ ते ९० अंशांवर काही मिनिटं राहिली की त्यांची घडी मोडते आणि ती केसीनच्या गोळ्यांना जाऊन चिकटतात. मग जाळी विणायला जास्त धागा मिळतो आणि पाणीही जास्त धरलं जातं. पाश्चरीकरणात दूध साधारण ७२ अंशांवर जेमतेम १५ सेकंद राहतं. त्याने रोगजंतू मरतात, पण या प्रथिनांची घडी फारशी मोडत नाही. पिशवीचं दूध चक्क्यासाठी पुन्हा उकळायचं ते यासाठी. ढवळत राहायचं कारण सायीचं आहे: वर धरलेली साय तशीच राहिली तर चक्क्यात तिच्या चिवट फिती येतात.

मग ते दूध कोमट होऊ दिलं. करंगळी बुडवून दहा मोजेपर्यंत सहज ठेवता यावी इतकं, थर्मामीटर असेल तर ३८ ते ४० अंश. त्यात ताज्या, गोडसर दह्याचे दोन छोटे चमचे घातले. पण थेट नाही. आधी ते वाटीत थोड्या दुधात गुठळी न राहता फेटून घेतले आणि मग पातेल्यात मिसळले. विरजणाचा गोळा तसाच टाकला तर त्याच्याभोवतीचं दूध आधी आंबतं, तिथे केसीन आधीच घट्ट होतं आणि बाकी दूध अजून दूधच असतं. त्या जागचे कण पुढे कितीही घोटले तरी पूर्ण मोडत नाहीत.

विरजण जास्त घालणं आणि दूध जास्त गरम असणं यांचा परिणाम एकच होतो, आंबण्याचा वेग वाढतो. दही लवकर लागतं म्हणून बरं वाटतं, पण जाळी जाडीभरडी होते. किंचित कमी उबेत, कमी विरजणावर, तास-दोन तास जास्त घेऊन लागलेलं दही नेहमी मऊ असतं.

ऋतूचा घोळही याच टप्प्यावर होतो. ‘रात्री विरजायचं, सकाळी बांधायचं’ ही रीत थंडीत ठीक चालते. चैत्रात स्वयंपाकघरात ३३-३५ अंश असताना दही पाच-सहा तासांत लागतं आणि उरलेल्या रात्रभर आंबतच राहतं. आंबटपणा वाढेल तशी जाळी आकसते आणि आतलं पाणी बाहेर ढकलते. पहिल्या पातेल्यावर सकाळी तरंगत होतं ते हेच पाणी. म्हणून पाडव्याचं दही संध्याकाळी लवकर विरजून झोपण्यापूर्वी फ्रिजमध्ये ठेवावं, किंवा पहाटे विरजून दुपारी बांधावं. लागत असताना पातेलं हलवून बघण्याचा मोह मात्र आवरायला हवा. अर्धवट विणलेली जाळी एकदा तुटली की पूर्वीसारखी जुळत नाही. दही लागलं की नाही हे पातेलं किंचित तिरपं करून कळतं: दही एकसंध सरकतं आणि कडेपासून स्वच्छ सुटतं.

दुसऱ्या पातेल्यातलं दही लागल्यावर तीन-चार तास गार केलं. गारव्याने जाळी घट्ट होते, आणि कापडात घालताना दही कमी मोडतं. ते डावाने ढवळून ओतलं नाही, मोठ्या कवड्या अलगद उचलून ओल्या मलमलीवर ठेवल्या.

आता दोन्ही पुरचुंड्यांखालच्या पातेल्यांत डोकावून बघायला हवं, कारण चक्का कसा निघणार हे इथेच दिसतं. दुसऱ्या पातेल्यातलं पाणी स्वच्छ आहे, पिवळसर हिरवी झाक असलेलं. ती झाक रायबोफ्लेविनची, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाची. जाळी शाबूत आहे आणि फक्त पाणी बाहेर पडतंय. पहिल्या पातेल्यातलं पाणी पांढुरकं आहे, पाणी घालून वाढवलेल्या ताकासारखं. मोडलेल्या जाळीचे तुकडे आणि स्निग्धांश त्यात उतरले आहेत. थोडक्यात, चक्काच गळतोय. पुरचुंडी पिळली की हे आणखी वाढतं. वजन ठेवायचंच असेल तर वर एक ताटली आणि तिच्यावर पाण्याचा तांब्या पुरे.

टांगलेल्या चक्क्याची आणखी एक खोड असते. कापडाला लागलेला थर लवकर सुकतो आणि मधला गोळा ओलाच राहतो. तो सुका थर शेवटी खरवडून आत मिसळला की त्याच्या गुठळ्या होतात. अर्ध्या वेळाने पुरचुंडी सोडून कडेचं दही चमच्याने आत घ्यावं आणि परत बांधावं. उन्हाळ्यात ओट्यावर दीड-दोन तास गळू द्यावं आणि उरलेलं काम फ्रिजमध्ये चाळणीवर होऊ द्यावं. बाहेर रात्रभर टांगलं तर आत जिवाणू काम करत राहतात आणि चक्का आंबटढाण होतो.

कधी थांबायचं हे घड्याळापेक्षा वजनकाटा नेमकं सांगतो. म्हशीच्या एक लिटर दुधाचा चक्का साधारण ४०० ते ४२५ ग्रॅम भरतो. ५५० भरला तर साखर घालताच तो वाहणार, आणि ३२० वर आला तर तो कोरडा, भुगा होणारा असणार. गायीच्या दुधात घन भाग कमी असल्याने लिटरला पावकिलोच्या थोडा वर, पावणेतीनशे ग्रॅमपर्यंत मिळतो. गायीच्या दह्याचा चक्का म्हशीइतका भरावा म्हणून लवकर थांबलं की पाण्याचं तळं ठरलेलंच. परदेशात राहणारी मराठी घरं डब्यातलं घट्ट दही आणून श्रीखंड करतात. त्यांनी डब्यावरची घटकांची यादी वाचावी. पेक्टिन, जिलेटिन किंवा स्टार्च घालून घट्ट केलेलं दही टांगलं तरी पुरतं गळत नाही, आणि साखर पडल्यावर वेगळंच वागतं.

बिघडलेला चक्का सुधारतो का, हे कणावर अवलंबून आहे. चिमूटभर चक्का अंगठा आणि तर्जनीत चोळून बघावा. कण दबून विरघळल्यासारखा झाला तर तो सुक्या थराचा आहे. चमचाभर साय किंवा गाळलेलं पाणीच घालून मळावं आणि पुरणयंत्रातून दोनदा काढावं, सुधारतो. कण दाबला तरी बोटाखाली गोळीसारखा राहिला तर तो घाईने आंबलेल्या केसीनचा आहे आणि तो मोडत नाही. तसा चक्का कढीत किंवा थालीपिठाच्या पिठात घालावा. सैल चक्का मात्र साखर घालण्याआधी पुन्हा बांधता येतो. साखर पडल्यावर उशीर झालेला असतो, कारण ती जाळीतलं पाणी स्वतःकडे ओढते आणि पाक होऊन सुटते. म्हणूनच नीट जमलेला चक्काही साखर मिसळल्यावर पहिल्या तासात सैल वाटतो. घाबरू नये. झाकून तास-दोन तास ठेवावा, साखर पूर्ण विरघळू द्यावी आणि मगच घोटावा. न विरघळलेली साखरसुद्धा जिभेला कणच वाटते.

घोटण्यासाठी पुरणयंत्र किंवा बारीक चाळणी आणि हात. मिक्सर नको. त्याची पाती उरलीसुरली जाळी चिरतात आणि म्हशीच्या दह्यातल्या सायीचं लोणी काढतात. मग श्रीखंड एकाच वेळी पातळ होतं आणि त्यात लोण्याचे कणही येतात.

दुसऱ्या दिवशी डब्याच्या कडेला चमचाभर पाणी दिसलं तर ते हलक्या हाताने परत मिसळावं, चांगल्या श्रीखंडालाही तेवढं सुटतं. आणि पातेल्यातलं ते हिरवट पिवळं पाणी मोरीत ओतू नये. त्यात पाडव्याच्या पुऱ्यांची कणीक भिजवता येते.