उंची कोणती धरायची?

सरावपत्रिकेत समांतरभुज चौकोन असतो: पाया १० सेमी, तिरकी बाजू ५ सेमी, आत तुटक रेषेने दाखवलेला लंब ४ सेमी. अनेक मुले दहा गुणिले पाच करून ५० लिहितात. खरे उत्तर ४० चौसेमी. डावीकडचा काटकोन त्रिकोण कापून उजवीकडे सरकवा. १० बाय ४ चा आयत तयार होतो आणि तिरकी बाजू त्याच्या आत हरवून जाते. म्हणून पायाशी काटकोन करणारीच उंची घ्यायची. गुण्या ठेवून पाहिले की लगेच कळते. विशालकोन त्रिकोणात मात्र लंब आकृतीबाहेर, वाढवलेल्या पायावर पडू शकतो. मुले सर्वाधिक अडखळतात ती इथेच. समलंब चौकोनात उंची म्हणजे दोन समांतर बाजूंमधले लंबांतर.